आजीची इरकल, नातीचा ड्रेस

कॉलेजच्या निरोप समारंभासाठी नातीला पायघोळ ड्रेस हवा आहे आणि आजीच्या ट्रंकेत एक जुनी नऊवारी इरकल आहे. सुती अंग, रुंद काठ आणि पांढऱ्या पट्ट्यांचा लाल रेशमी पदर. अशा साडीचा ड्रेस शिवायचा, तर कात्री हातात घेण्याआधी कापडाची पारख करावी लागते.

आजी साडी खिडकीच्या उजेडासमोर धरते. कासोट्याचा भाग विरळ दिसतो, कारण बसताना ताण तिथेच येतो. विरलेली जागा ओळखायची, तर कापड दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहावे. धागे सरकले किंवा बारीकसा तडतड आवाज आला, तर तेवढा भाग बाद. वर्षानुवर्षे मोडलेल्या घड्यांवरही हीच परीक्षा करावी. पदराचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. जात असेल तर पदर वेगळाच धुवावा.

नातीला अंब्रेला घेर हवा असतो. पण तो गोल कापतात आणि विणलेला काठ सरळ असतो, तो गोलाईवर बसत नाही. म्हणून आजी चुण्यांचा घेर सुचवते. कंबर २८ इंच असेल, तर तिप्पट म्हणजे ८४ इंच कापड चुण्यांत जाते; शिवणीसह सव्वादोन मीटरचा सलग तुकडा पुरतो. साडीचा पन्हा ४६ इंच आणि घेराची उंची ३८ इंच. वर एक इंच माया ठेवली, की सात इंचांची पट्टी उरते. तिच्यातल्या काठातून कमरेची पट्टी आणि बाह्यांची किनार निघते. खालचा काठ आपल्या जागी राहतो, त्यामुळे तिथे दुमड घालावी लागत नाही.

पदर अंगाला विणतानाच जोडलेला असतो. या जोडावर ताण पडला, तर तो उसवतो. म्हणून पदर जोडापासून कापून पाठीच्या वरच्या भागासाठी वापरावा. वरच्या भागाला मलमलचे अस्तर लावून दोन्ही थर एकत्र शिवावेत. काखेतला आणि चेनजवळचा ताण मग अस्तर पेलते.

जुन्या कापडावरची शिवण उसवली, तर सुईची भोके राहतात. त्यामुळे आजी आधी अस्तराचाच वरचा भाग धावदोऱ्याने शिवून नातीला घालून पाहते. काखेत घट्ट होतो, म्हणून बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडते आणि मगच साडी कापते. मशीनला नवी बारीक सुई लावावी आणि टाके फार दाट घालू नयेत. दाट भोकांच्या रेषेत विरलेले कापड फाटते.

बाजूंना दीड इंच माया ठेवली, तर ड्रेस पुढे सैल करता येतो. मात्र ताणून पाहताना साडी सगळीकडेच विरलेली आढळली, तर तिचा ड्रेस शिवू नये. फक्त काठ आणि पदर काढून नव्या कापडाला लावावेत.