रांग कमी का झाली?

वादळी पावसानंतरची सकाळ आणि वीज तक्रारींचं एक कॉल सेंटर, असं उदाहरण घेऊ. सव्वाअकराला भिंतीवरच्या डॅशबोर्डवर ठळक आकडा दिसतो: रांगेत 9 जण. पंधरा मिनिटांपूर्वी तिथे 22 होते. टीम लीडरला हायसं वाटतं.

प्रत्यक्षात मधल्या पंधरा मिनिटांत 47 नवे फोन आले आणि 60 रांगेबाहेर पडले. त्यांतले 45 एजंटांनी उचलले. उरलेल्या 15 जणांनी कंटाळून फोन ठेवला. ते थांबले असते तर रांग 24 झाली असती. म्हणजे काम तुंबत होतं आणि पडद्यावरचा आकडा उतरत होता.

फोन सोडून देणाऱ्यांचं प्रमाणही त्याच पडद्यावर होतं, पण खाली कोपऱ्यात आणि दिवसभराचं. नऊ ते अकरा या वेळेत 400 पैकी 12 जणांनी फोन सोडला होता, म्हणजे 3 टक्के. त्यात ही पंधरा मिनिटं मिसळली की आकडा जेमतेम 6 टक्क्यांवर जातो. त्या घडीला मात्र चारांतला एक माणूस उत्तर न मिळताच जात होता. म्हणून रांगेचा आकडा, सर्वांत जास्त वेळ ताटकळलेल्याची प्रतीक्षा आणि गेल्या पंधरा मिनिटांत किती उचलले, किती सुटले, हे सगळं एकाच ओळीत, शेजारी शेजारी हवं. दिवसाची बेरीज संध्याकाळच्या अहवालात शोभते.

मग तुंबलं कुठे? हजर एजंट 18. एका कॉलला सरासरी 4 मिनिटं लागत होती तेव्हा पंधरा मिनिटांत 67 कॉल सहज निघाले असते. ती सरासरी 6 मिनिटांवर गेली आणि क्षमता 45 वर आली. ‘एएचटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वेळेत बोलणं, होल्ड आणि फोन ठेवल्यानंतरची नोंद, असे तीन भाग असतात. ते वेगवेगळे दाखवले असते तर कारण लगेच कळलं असतं: बोलणं जवळपास तेवढंच होतं, पण तक्रार नोंदवायचं सॉफ्टवेअर संथ झाल्याने नोंदीचा वेळ 40 सेकंदांवरून अडीच मिनिटांवर गेला होता. एजंटांना ‘आवरा लवकर’ म्हणून काहीच साधलं नसतं. फोन करायला हवा होता तो संगणक विभागाला.

एएचटीची जागा त्यामुळे टीम लीडरच्या पडद्यावर, तिन्ही भागांसह. एजंटांच्या नावानिशी ती भिंतीवर लावली की माणसं कॉल गुंडाळायला लागतात, आणि अर्धवट उत्तर मिळालेला ग्राहक तासाभरात पुन्हा रांगेत येतो.

सुटलेला प्रत्येक कॉल वाईटच असतो असंही नाही. रांगेत असताना ‘तुमच्या भागातला पुरवठा दुपारी दोनपर्यंत सुरू होईल’ असा ध्वनिमुद्रित संदेश ऐकून समाधानाने फोन ठेवणाराही त्याच आकड्यात मोजला जातो. संदेशानंतर लगेच ठेवलेल्या फोनांचा रकाना वेगळा ठेवावा लागतो.