सत्तर खुणांत गिरणीचा अभिप्राय

मराठी एसएमएसमध्ये ७० खुणा मावतात. काना, वेलांटी, मोकळी जागासुद्धा मोजली जाते. ‘गिरणी’ हा शब्दच पाच खुणा खातो. एकाहत्तरावी आली, की दोन एसएमएस धरले जातात.

आमच्या गटानं घरगुती गिरणी महिनाभर वापरली. अनुभव लिहिला तो पानभर झाला. दुसऱ्या गटाला कळवताना आधी निकाल ठरवला, मग त्याला लागतील तेवढीच कारणं ठेवली. रंग, दुकानदाराचं बोलणं गाळलं. किंमतही, ती दुकानात कळतेच. उरलं ते असं:

‘गिरणी: तासाला १० किलो. ज्वारी बारीक, मिरची अडकते. पिठासाठीच घ्या.’

या झाल्या ६५ खुणा. यातला ‘च’ मात्र काढायचा नाही. नुसतं ‘घ्या’ वाचून मसाला करणारी बाई पैसे अडकवून बसेल.