दोन जनरेटर, आणि आधी कोणाची लाइट जाणार?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एका झटक्यात गेली. कळवा उपकेंद्राकडे येणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. अशा वेळी मुंबईने राज्याच्या ग्रिडपासून तुटून स्वतःच्या वीजकेंद्रांवर उभं राहावं, अशी ‘आयलंडिंग’ची योजना शहरात कित्येक दशकांपासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराजवळची निर्मिती थोडी आणि मागणी जास्त, असं झालं की जास्तीची मागणी तत्काळ कापावी लागते. ती पुरेशी कापली गेली नाही, तर चालू असलेली केंद्रंही दम तोडतात. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कोविडच्या भर गर्दीत रुग्णालयं जनरेटरवर गेली.

शहराचं जे गणित त्या दिवशी चुकलं, तेच गणित छोट्या मापात दोन जनरेटर असलेल्या प्रत्येक रुग्णालयाच्या तळघरात मांडलेलं असतं. दीडशे खाटांचं एक रुग्णालय कल्पनेत उभं करू. त्याच्याकडे प्रत्येकी २५० केव्हीएचे दोन डीजी सेट आहेत. केव्हीएच्या आकड्याला ०.८ ने गुणलं की प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॅट मिळतात, म्हणजे एका सेटचे २००, दोघांचे ४००. रुग्णालयाचा पूर्ण लोड ३२० किलोवॅट. कागदावर ८० शिल्लक दिसतात, आणि बहुतेक व्यवस्थापनं इथेच निर्धास्त होतात.

खरा प्रश्न पुढे आहे. चालता चालता दोनपैकी एक सेट बंद पडला, तर उरलेल्या २०० किलोवॅटवर ३२० चालणार कसे?

उत्तर वायरिंगपासून सुरू होतं. या रुग्णालयाचा लोड तीन गटांत वाटलेला आहे. पहिल्या गटात आयसीयू, शस्त्रक्रियागृहं, जिन्यांचे दिवे आणि आगीचा पंप, मिळून ९० किलोवॅट. दुसऱ्यात लिफ्ट, प्रयोगशाळा, रक्तपेढीचे फ्रीज आणि ऑक्सिजन प्लांट, मिळून ८०. तिसऱ्यात चिलर म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलन, लाँड्री, किचनमधली विजेची उपकरणं आणि एक्स-रे विभागाचा काही भाग, मिळून १५०. प्रत्येक गटाला स्वतंत्र फीडर आहे आणि प्रत्येकावर स्वतंत्र ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच, म्हणजे एटीएस. या स्विचच्या एका बाजूला महावितरणची किंवा अन्य वितरण कंपनीची वीज येते, दुसऱ्या बाजूला जनरेटरची. मधून लोड निघतो. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाऊ नयेत म्हणून आत यांत्रिक अडसर असतो. हा अडसर नसता, तर जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांत गेली असती आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊन बसली असती.

आता लाइट जाते. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली आलेलं कंट्रोलरला दिसतं, पण तो दोन-तीन सेकंद थांबतो. क्षणभराच्या झोतासाठी इंजिन सुरू करण्यात अर्थ नसतो. मग दोन्ही सेटना एकदम स्टार्टचा आदेश जातो. जो सेट आधी १५०० आरपीएम आणि ४१५ व्होल्ट गाठेल तो आधी जोडला जातो. दोघांनीही एकाच क्षणी मोकळ्या बसबारवर उडी घेऊ नये, म्हणून कंट्रोलर आपसांत ठरवून एकालाच परवानगी देतात. लाइट गेल्यापासून साधारण दहा सेकंदांत पहिला गट उजळतो. अमेरिकेच्या एनएफपीए ११० या मानकातली ‘टाइप १०’ श्रेणी याच दहा सेकंदांची आहे. मधल्या काळात व्हेंटिलेटर आपल्या बॅटरीवर आणि मॉनिटर यूपीएसवर चालतात, त्यामुळे रुग्णाला बदल जाणवत नाही.

नुकत्याच उठलेल्या इंजिनावर सुरुवातीला फक्त ९० किलोवॅटच टाकले जातात. टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनाला एका दमात पूर्ण भार सोसत नाही. हवा पुरेशी येण्याआधीच डिझेल जास्त गेलं, तर काळा धूर निघतो आणि फ्रिक्वेन्सी खाली बसते. म्हणून दुसरा गट थोडा थांबतो. तिसरा तर दुसरा सेट जोडला जाईपर्यंत दारातच उभा असतो.

दुसऱ्या सेटला चालत्या बसबारवर आणणं म्हणजे सिंक्रोनायझेशन. त्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पहिल्याइतकी हवी, फेजचा क्रम तोच हवा आणि दोन्हींच्या लहरी एकाच क्षणी माथ्यावर यायला हव्यात. जुन्या पॅनेलवर यासाठी दोन्ही बाजूंच्या एकाच फेजमध्ये दिवे जोडलेले असत. फरक असला की दिवे मंद-तेज होत, पूर्ण विझले की ऑपरेटर ब्रेकर लावी. आता हे काम सिंक्रोनायझर करतो. ब्रेकरला बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ हिशेबात धरून तो आदेश आधीच सोडतो. शेजारी एक वेगळा चेक-सिंक रिले बसवतात. त्याला कोन पटला नाही, तर सिंक्रोनायझरने कितीही आग्रह धरला तरी ब्रेकर लागत नाही. हा दुसरा पहारेकरी फालतू खर्च वाटतो खरा, पण लहरी उलट्या असताना ब्रेकर लागला तर बसणाऱ्या झटक्यात कपलिंग तुटू शकतं, क्रँकशाफ्टला तडा जाऊ शकतो. तो रिले वगळून पैसे वाचवणाऱ्याने आधी क्रँकशाफ्टची किंमत विचारून यावी.

जोडले गेले की दोघांनी ओझं सारखं वाटून घ्यायचं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलोवॅटची वाटणी गव्हर्नर करतो, कारण ती डिझेलच्या मात्रेवर ठरते. रिॲक्टिव्ह भाराची वाटणी एव्हीआर करतो, कारण ती जनरेटरच्या चुंबकीय उत्तेजनावर ठरते. दोष ओळखायचा तो इथूनच. दोन्ही सेटचे किलोवॅट वेगळे दिसले, समजा १९० आणि १३०, तर गव्हर्नरकडे किंवा डिझेलच्या वाटेकडे पाहायचं. बऱ्याचदा फिल्टर तुंबलेला सापडतो. किलोवॅट सारखे असून अँपिअर वेगळे दिसले, तर दोष एव्हीआरच्या सेटिंगमध्ये असतो आणि दोन सेटमध्ये नुसताच प्रवाह फिरत असतो. तो काही काम करत नाही, वाइंडिंग मात्र तापवतो.

डिझेल तुंबलेला सेट फार मागे पडला, तर एका जुवाखालच्या थकलेल्या बैलासारखा तो दुसऱ्याच्याच जिवावर ओढला जातो. त्याचं इंजिन वीज देण्याऐवजी घ्यायला लागतं. रिव्हर्स पॉवर रिले हे पाहून काही सेकंदांत त्याला बाहेर काढतो. आणि इथेच आपला खरा प्रसंग सुरू होतो.

दोन्ही सेट १६०-१६० किलोवॅट वाहत असताना एक बाहेर पडला की दुसऱ्यावर ३२० येऊन आदळतात. क्षमता २००. इंजिन आणि जनरेटरच्या फिरत्या भागांत साठलेली ऊर्जा इतकी थोडी असते की पाव सेकंदात फ्रिक्वेन्सी कित्येक हर्ट्झ कोसळू शकते. म्हणून किलोवॅटमीटर पाहून, पाच सेकंद थांबून मग निर्णय घेणारी योजना इथे उपयोगाची नाही. नेमकी योजना सेटच्या ब्रेकरलाच विचारते. ब्रेकर उघडला, हा त्याच्या सहायक कॉन्टॅक्टचा संकेत मिळताच तिसऱ्या गटाच्या फीडरला ट्रिप जाते. सगळं शंभरएक मिलिसेकंदांत आटोपतं.

हा लोड तिसऱ्या गटाच्या एटीएसकडून काढून घेता येईल असं अनेकांना वाटतं. पण मोटरवर चालणारा एटीएस मधल्या ‘ऑफ’ स्थितीत यायला बराच वेळ घेतो, कधी सेकंदभर किंवा त्याहून जास्त. म्हणून फीडरवर शंट ट्रिप असलेला ब्रेकर लागतो.

हिशेब आता पाहा. १५० किलोवॅट गेले, उरले १७०. जगलेला सेट १६० वाहतच होता, म्हणजे त्याच्यावर वाढले फक्त दहा. शस्त्रक्रियागृहातला दिवा साधा लुकलुकतही नाही. चिलर बंद पडतो, तासाभरात वॉर्ड उकडू लागतात आणि तक्रारी येतात. पण ती योजना यशस्वी झाल्याचीच खूण आहे. यानंतरही काही बिघडलं आणि फ्रिक्वेन्सी घसरतच राहिली, तर अंडरफ्रिक्वेन्सी रिले दुसरा गटही सोडतो. पहिला गट मात्र कुठल्याच परिस्थितीत कापायचा नसतो, विशेषतः आगीचा पंप.

कोण कुठल्या गटात, हे ठरवायला बसतात तेव्हा इलेक्ट्रिकल कन्सल्टंट एकटा पुरत नाही. सक्शनसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप बहुधा पंपरूममध्ये असतो आणि पंपरूमचा फीडर म्हणून तो सहज तिसऱ्या गटात जाऊन बसतो. शस्त्रक्रियेच्या मध्यावर सक्शन बंद पडलं, तरच ही चूक कोणाच्या लक्षात येते. उलट रक्तपेढीचा चांगला फ्रीज दार न उघडता काही काळ थंडावा धरतो, तो दुसऱ्या गटात चालतो. एमआरआयची तपासणी थांबली तरी हरकत नाही, पण आतलं हेलियम थंड ठेवणारा कॉम्प्रेसर तिसऱ्या गटात टाकू नये. म्हणून ही यादी भूलतज्ज्ञ, मुख्य परिचारिका आणि बायोमेडिकल इंजिनिअर सोबत असतानाच करावी.

रात्रीचं गणित वेगळं. चिलर कमी, लाँड्री बंद, लोड १२० वर येतो. दोन्ही सेट चालू ठेवले तर प्रत्येकावर जेमतेम ३० टक्के. इतक्या हलक्या भारावर डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचत जाते. म्हणून कंट्रोलर भार हळूहळू एकाकडे सरकवून दुसरा थांबवतो आणि लोड वाढला की पुन्हा बोलावतो. बचत चांगली आहे, पण किंमतही आहे. एकटा सेट पडला तर पुन्हा दहा सेकंद अंधार. थिएटरमध्ये मोठी शस्त्रक्रिया चालू असेल, तर दोन्ही सेट चालू ठेवणारा सिलेक्टर फिरवणं शहाणपणाचं, मग डिझेल जास्त जळालं तरी चालेल.

चाचणीत बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला सेट सुरू करून दहा मिनिटं रिकामा फिरवतात. त्यातून बॅटरी जिवंत आहे एवढंच कळतं. बॅटरीच बसलेली असणं हे सेट सुरू न होण्याचं नेहमीचं कारण असल्याने तेही कमी नाही. पण लोड सोडण्याची योजना तपासायची तर दोन्ही सेटवर खरा भार असताना एकाचा ब्रेकर मुद्दाम उघडावा लागतो. तिसरा गट गेला का, किती वेळात गेला, फ्रिक्वेन्सी कुठवर उतरली, हे कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमधून टिपून घ्यायचं. रविवारी, नियोजित शस्त्रक्रिया नसताना, आधी सर्वांना सांगून हे करता येतं.

वीज परत आली तरी एटीएस लगेच तिच्याकडे जात नाही. पाच-दहा मिनिटं ती स्थिर राहिली तरच गट एकामागून एक परत जातात. मोटर असलेल्या गटाला मध्ये दोन-तीन सेकंद ‘ऑफ’मध्ये थांबवतात, कारण फिरत राहिलेल्या मोटरमध्ये उरलेलं व्होल्टेज नव्या विजेशी भिडलं की ब्रेकर ट्रिप होतो. सेट आणखी काही मिनिटं रिकामे चालून थंड होतात. शेवटी ऑपरेटरने प्रत्येक सेटचा सिलेक्टर ‘ऑटो’वर आहे ना, हे पाहून नोंदवहीत लिहायचं. तो चुकून ‘मॅन्युअल’वर राहिला, तर पुढच्या वेळी लाइट गेल्यावर सेट जागचा हलत नाही.