लेखाची दोन टोके

गीता नेमके काय सांगते, हा वाद सोडवण्यासाठी लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभीच मीमांसकांची एक जुनी कसोटी हाताशी घेतली आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे असेल तर त्याचा उपक्रम आणि उपसंहार आधी पाहावा, म्हणजे ग्रंथ कुठून निघाला आणि कुठे पोचला ते तपासावे. गीतेच्या आरंभी अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात बसला आहे आणि लढणार नाही म्हणतो आहे. शेवटी तोच अर्जुन, मोह गेला, आता तू सांगशील तसे करीन, असे कृष्णाला सांगतो. ज्या ग्रंथाची दोन टोके अशी आहेत तो ग्रंथ कर्म सोडायला कसा सांगेल, असा टिळकांचा सवाल आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ 1915 साली छापून आला आणि त्याच्या निष्कर्षावर आजही वाद घालता येईल. मला इथे त्या कसोटीपुरतेच बोलायचे आहे, कारण साहित्यकृतीवर लेख लिहिणाऱ्याला इतके उपयोगी सूत्र मला दुसरीकडे मिळालेले नाही.

दोन्ही टोकांना प्रश्न एकच आहे: लढायचे की नाही? पण अर्जुन पहिल्या अध्यायातले वाक्य अठराव्यात पुन्हा बोलत नाही. मधल्या संवादाने त्याची जागा बदलली आहे आणि ती बदलली हे शेवटावरून कळते. मीमांसकांच्या यादीत ‘अभ्यास’, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, ही खूण उपसंहाराहून वेगळी धरलेली आहे. पुनरुक्ती हे शेवटाचे काम नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपण शाळेत मात्र नेमके उलटे शिकवतो. इंझोरीत मराठी शिकवताना माझ्याकडे जे निबंध आणि रसग्रहणे येतात, त्यांतली बहुतेक ‘अशा प्रकारे’ या शब्दांनी संपतात आणि त्यापुढे पहिल्या परिच्छेदातले मुख्य विधान जसेच्या तसे येते. मुलांचा यात दोष नाही. प्रस्तावनेत मुद्दा सांगा, मध्ये तो स्पष्ट करा, शेवटी पुन्हा सांगा, असे आपणच त्यांना सांगितलेले असते. प्रस्तावनांचीही तीच गत. आमच्या जिल्ह्यातल्या मुलाने साहित्यावर लिहायला घेतले की वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, इथून आरंभ होतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावला, हे वाचून त्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण हाच परिच्छेद साने गुरुजींवरच्या लेखाला चालतो, बहिणाबाईंवरच्या चालतो आणि नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’वरच्याही चालतो. जी सुरुवात कोणत्याही लेखाला लावता येते, ती कोणत्याच लेखाची नसते. ‘राघववेळ’वर लिहायचे असेल तर आरंभ कादंबरीतल्या एखाद्या प्रसंगातून व्हायला हवा. लेखक आपल्या जिल्ह्यातला आहे आणि त्या पुस्तकाला 1995 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही माहिती दुसऱ्या परिच्छेदात आली तरी तिची किंमत कमी होत नाही.

मराठीत या दोन टोकांच्या रीती काळाप्रमाणे बदलत आल्या. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेतो, त्यावर निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि अखेरीस मूळ अभंगाकडे परततो. तिथे पुनरुक्ती शोभते, कारण शब्द तेच असले तरी आख्यान ऐकून श्रोता बदललेला असतो आणि चाल-टाळांची साथही असते. कागदावरच्या लेखाला ती साथ नाही, म्हणून वाक्य पुन्हा आले की ते नुसते पुन्हा आलेले दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा निबंधाला ऐसपैस प्रस्तावना असणे स्वाभाविक होते, कारण विषयच वाचकाला नवे होते. पुढे फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने दार थेट घरगुती प्रसंगात उघडले. पण शेवट कसा करावा याचे सर्वांत चांगले धडे मला इरावती कर्व्यांकडे सापडतात.

त्यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखात एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी ओळखीची माळ लागते, तरी काहीतरी राहून गेले अशी चुटपुट त्यांना लागते. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरे आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि ती ओळख पुरी होते. आरंभी जी यादी होती तिच्यात शेवटी एक नवी ओळ पडली, इतकेच घडते. बाईची ओळख तिच्या नात्यांतून कशी घडते यावर एकही समारोपाचे वाक्य नाही. त्याची गरजही नाही, कारण पहिला परिच्छेद वाचलेल्या वाचकाला त्या पोरांच्या बोलण्याचे वजन कळते. लेख न वाचता तो शेवट कुणी वाचला तर त्याला त्यात काहीच दिसणार नाही.

तो ललित लेख झाला, टीकालेखात हे जमणार नाही, असे कुणी म्हणेल. ‘युगान्त’ (1967) मधला द्रौपदीवरचा लेख त्याचे उत्तर आहे. तो सरळसरळ महाभारताच्या संहितेची छाननी करणारा लेख आहे. महाप्रस्थानात द्रौपदी पडते, धर्मराज मागे वळून पाहत नाही, आणि मग इरावतीबाई एक प्रसंग स्वतः रचतात. हा माझा, महाभारतातला नाही, हे त्या लपवत नाहीत. पडलेल्या द्रौपदीजवळ भीम येतो आणि पुढच्या जन्मी तू पाचांतला थोरला हो, असे ती त्याला सांगते. द्यूतसभेत तिला पणाला लावणारा थोरला आणि तिच्यासाठी प्रत्येक वेळी धावलेला भीम, हा सगळा हिशेब त्या एका मागणीत येतो. लेखाचे मत तेच राहिले, पण ते द्रौपदीच्या तोंडी गेले आणि मागणी होऊन आले. संशोधकाने कल्पनेला इतकी मुभा द्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. मुभा घेताना सीमारेषा दाखवली तर द्यावी, असे माझे मत आहे.

आता हे आपल्याला कसे करायचे, ते एका लेखावरून पाहू. एका मुलीने ‘श्यामची आई’वर लिहिले होते. पहिला परिच्छेद असा होता: आई हे प्रेमाचे रूप आहे, साने गुरुजी हे थोर लेखक होते, त्यांनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, श्यामच्या आईच्या प्रेमाला शिस्तीची जोड होती. शेवटी पुन्हा, अशा प्रकारे श्यामच्या आईच्या प्रेमाला शिस्तीची जोड होती. मधले दोन परिच्छेद मात्र चांगले होते. एकात पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिमटीने मारत विहिरीकडे पाठवते तो प्रसंग होता, आणि दुसऱ्यात ‘थोर अश्रू’मधला, पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसेच जपायला सांगणारी आई होती.

मी तिला आधी मधले दोन परिच्छेद बाजूला काढायला सांगितले आणि विचारले, हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावर तुला काय दिसले जे आधी दिसत नव्हते? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मॅडम, एकदा ती मारते आणि एकदा ती हट्ट पुरवते. पाय मळू नयेत म्हणून ती स्वतःचं लुगडं दगडावर पसरते.” मग मी म्हटले, “हाच तुझा लेख आहे. शिस्त हा शब्द विसर.”

नवा आरंभ तिने मारापासून केला. वळ उठेपर्यंत मुलाला मारणारी ही बाई मराठीतली सर्वांत मायाळू आई कशी ठरली, एवढाच प्रश्न तीन वाक्यांत मांडला. तुरुंगाचे साल खाली सरकले, थोर लेखक हे शब्द गेले. मुख्य विधान पहिल्या परिच्छेदात ठळक शब्दांत आलेच नाही, पण लेख कशाचा शोध घेणार हे वाचकाला कळले. साहित्यावरच्या लेखात मला ही पद्धत अधिक पसंत आहे. मुद्दा आधीच सांगायचा असेल तर अर्धा सांगावा आणि त्यातली अडचण उघडी ठेवावी.

शेवटासाठी आम्हाला तीन खर्डे लागले. पहिल्यात तिने ‘प्रेम’च्या जागी ‘ममता’ आणि ‘शिस्त’च्या जागी ‘कठोरपणा’ घातला. ही सर्वांत सर्रास पळवाट आहे: समानार्थी शब्द बदलले तरी विधान तेच राहते. दुसऱ्यात आजच्या आयांनी श्यामच्या आईकडून शिकावे असा उपदेश आला. तो लेखातून निघत नव्हता, बाहेरून चिकटवला होता. तिसऱ्यात ती पुन्हा पुस्तकाकडे गेली आणि दोन्ही प्रसंगांतले मुलाचे भय शेजारी ठेवले. पाण्याचे भय आई मोडून काढते, मळाचे भय मात्र ती जपते आणि पायांवरून मनावर नेते. मुलाचे कोणते भय घालवायचे आणि कोणते वाढू द्यायचे हे तिला कळते, इथे लेख थांबला. आरंभीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, पण आरंभी ते कुणालाच देता आले नसते, तिलाही नाही.

आपला शेवट पुनरुक्तीचा आहे का, हे ओळखण्याची माझी रीत सोपी आहे. पहिला आणि शेवटचा परिच्छेद एका कागदावर खाली-वर लिहून काढावा आणि दोन्हींत आलेली नामे व क्रियापदे अधोरेखित करावीत. लेखकाचे, पुस्तकाचे, पात्राचे नाव सामायिक असणारच, ती सोडून द्यावीत. उरलेल्यांपैकी निम्मी जुळली तर शेवट पुन्हा लिहावा. मग दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. शेवटचा परिच्छेद आरंभी ठेवूनही लेख बिनबोभाट चालत असेल, तर मधल्या भागाने काही कमावलेले नाही. अशा वेळी दोष शेवटात नसतो, मधले परिच्छेद नुसती उदाहरणे पुरवत असतात आणि दुरुस्ती तिथेच करावी लागते.

याला मर्यादा आहेत. परीक्षेत वेळ कमी असतो आणि तपासनीस पहिल्या परिच्छेदात मुद्दा शोधतो, तिथे विधान स्पष्ट लिहावे. फक्त शेवटी ते उतरवून काढू नये. दीड-दोनशे शब्दांच्या रसग्रहणाला वेगळा समारोप लागतच नाही, शेवटचा मुद्दा नीट संपवला की पुरे. आणि लांबलचक संशोधनलेखात वाचकाला निष्कर्ष एकत्र हवे असतात, तिथे ते क्रमाने सांगणे हा वाचकाचा मान आहे.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती आहे. यंदा उत्तरपत्रिका तपासताना ‘अशा प्रकारे’ने सुरू होणाऱ्या आणि आरंभच पुन्हा सांगणाऱ्या परिच्छेदाला समारोपाचे गुण देऊ नका. ज्या मुलाने शेवटी एखादा प्रसंग नव्याने वाचून दाखवला असेल, त्याला ते पूर्ण द्या.