घर आपलं, हप्ता बँकेचा

समजा, पुण्यात कोथरूडला एका सोसायटीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट आहे. मालकीण 66 वर्षांच्या, खासगी शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले. मुलगा बंगळुरूत असतो, मुलगी ठाण्यात. पेन्शन नाही. ठेवीच्या व्याजावर किराणा आणि वीजबिल भागतं, पण औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स आला की ओढाताण सुरू होते. फ्लॅटची किंमत मात्र 80 लाख रुपये.

बाईंनी ऐकलेलं असतं की बँक घराच्या किमतीच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम मंजूर करते आणि ती 15 वर्षं दरमहा देते. त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडतात. 80 लाखांचे 60 टक्के म्हणजे 48 लाख. पंधरा वर्षांचे महिने 180. भागाकार येतो 26,666 रुपये. एवढ्यात तर आरामात भागेल.

बँकेतल्या अधिकाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर मात्र आकडा असतो 11,581 रुपये.

यात कोणी फसवलेलं नाही. या दोन आकड्यांमधली तफावत ज्याला कळली, त्याला रिव्हर्स मॉर्गेज कळलं.

नेहमीच्या गृहकर्जात बँक पहिल्याच दिवशी मोठी रक्कम देते आणि आपण वर्षानुवर्षं हप्ते भरून ती कमी करत आणतो. इथे सगळं उलटं चालतं. घर आधीपासून आपलं असतं. ते बँकेकडे गहाण पडतं, पण राहतो आपणच. हप्ता बँक आपल्याला देते, आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्यावर व्याज चढत जातं. ते व्याज दरमहा कोणी मागत नाही, ते कर्जातच मिळवलं जातं. हिशेब होतो तो मालक हयात नसताना किंवा घर कायमचं सोडल्यावर, घर विकून. भारतात 2007-08च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी या योजनेची घोषणा केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने, म्हणजे एनएचबीने, तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आता तो 11,581चा आकडा. 48 लाख ही बँक हातात देणार असलेली रक्कम नाही. पंधरा वर्षांच्या शेवटी मुद्दल आणि व्याज मिळून कर्ज जिथपर्यंत पोचेल, तो तो आकडा आहे. व्याजदर 10 टक्के धरला, तर बाईंना 180 महिन्यांत प्रत्यक्ष मिळतात साधारण 20 लाख 85 हजार. उरलेले 27 लाख 15 हजार व्याजाचे.

ही वाढ सुरुवातीला जाणवतही नाही. पहिला हप्ता मिळाल्यावर पुढच्या महिन्याचं व्याज होतं 96 रुपये 51 पैसे, दोन लिटर दुधाच्या आसपास. पाच वर्षांनी बाईंना 6 लाख 95 हजार मिळालेले असतात आणि कर्ज 8 लाख 97 हजार झालेलं असतं. इथवर फारसं बोचत नाही. सातव्या वर्षाच्या शेवटी मात्र एक महत्त्वाचं वळण येतं. त्या महिन्यापासून कर्जावरचं व्याज बाईंच्या हप्त्यापेक्षा जास्त होऊ लागतं. दहा वर्षांनी कर्ज 23 लाख 72 हजार असतं. पुढच्या पाच वर्षांत ते दुपटीहून जास्त होऊन 48 लाखांवर जातं. शेवटच्या महिन्यांत बाईंच्या खात्यात येतात तेच 11,581 रुपये, पण कर्जाच्या खात्यावर त्याच महिन्यात जवळजवळ 40,000 रुपये व्याज चढतं. चक्रवाढ व्याज ठेवीत आपल्या बाजूने काम करतं. इथे ते त्याच चिकाटीने दुसऱ्या बाजूने काम करतं.

म्हणूनच एकरकमी पैसे उचलण्याचा मोह जपून करावा लागतो. उपचारासारख्या गरजेसाठी ठरावीक मर्यादेत एकदम रक्कम घेण्याची सोय या कर्जात असते. पण बाईंनी सुरुवातीलाच 5 लाख उचलले, तर पंधरा वर्षांत एवढ्याचेच 22 लाख 27 हजार होतात. 48 लाखांची मर्यादा तीच राहते, त्यामुळे मासिक हप्ता 11,581वरून सुमारे 6,200वर येतो. ऑपरेशन सातव्या-आठव्या वर्षी करावं लागलं आणि पैसे तेव्हा घेतले, तर बोजा पुष्कळ हलका पडतो. या कर्जात रक्कम किती घेतली याइतकंच ती कधी घेतली यालाही महत्त्व आहे.

पंधरा वर्षं संपली की काय? सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. बाई तेव्हा 81 वर्षांच्या असतील. बँक त्यांना घराबाहेर काढत नाही, हयात असेपर्यंत त्या तिथेच राहू शकतात. पण मुदत संपल्यावर हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. 48 लाखांवर 10 टक्क्यांनी महिन्याला 40,000 रुपये चढत राहतात आणि हातात काहीच येत नाही. औषधांचा आणि मदतनिसाचा खर्च वाढतो तो नेमका याच वयात. अमेरिकेत सरकारी विम्याचं पाठबळ असलेल्या अशा कर्जात मालक त्या घरात राहतो तोवर, अगदी शंभरीपर्यंतही, हप्ता देणारा पर्याय निवडता येतो. त्यासाठी विम्याचा हप्ता कर्जातूनच कापला जातो. आपल्याकडे विमा कंपनीला जोडून आजन्म रक्कम देणारा प्रकार 2009 साली आला, पण बँकांच्या साध्या रिव्हर्स मॉर्गेजमध्ये हप्ता ठरलेल्या मुदतीपुरताच असतो. त्यामुळे साठीत हे कर्ज घेणाऱ्याने पंचाहत्तरीनंतरची तजवीज वेगळी करून ठेवायला हवी. शक्य असेल तर कर्जच पाच-सात वर्षं उशिरा घ्यावं.

समजा, बाई 83व्या वर्षी गेल्या. कर्ज घेऊन 17 वर्षं झालेली आहेत आणि बोजा 58 लाख 58 हजार झालेला आहे. दरम्यान घराची किंमत वर्षाला सरासरी 4 टक्क्यांनी वाढली असेल, तर फ्लॅट सुमारे 1 कोटी 56 लाखांचा झालेला असेल. मुलांपुढे दोन रस्ते असतात. कर्ज फेडून फ्लॅट आपल्याकडे ठेवायचा, किंवा तो विकू द्यायचा. विकला तर बँकेचे पैसे वळते होऊन 97 लाखांच्या आसपास रक्कम वारसांना मिळते. घर ‘बँकेच्या घशात जातं’ ही समजूत खरी नाही. बँकेचा हक्क कर्जापुरताच, उरलेलं सगळं वारसांचं.

किंमत अजिबात वाढलीच नाही आणि बाई 88 वर्षांच्या होईपर्यंत जगल्या, तर कर्ज 96 लाखांवर गेलेलं असेल आणि घर 80 लाखांचंच असेल. अशा वेळी वरच्या 16 लाखांचा तोटा बँकेने सोसायचा असतो. घराच्या विक्रीतून येईल त्यापलीकडे मालकाकडून किंवा वारसांकडून वसुली करायची नाही, असं एनएचबीची तत्त्वं स्पष्ट सांगतात. बँक 80 लाखांच्या घरावर 48च लाख का धरते, याचंही उत्तर यात आहे. मधले 32 लाख ही तिने दीर्घायुष्यासाठी आणि मंदीसाठी राखलेली जागा.

बाईंचं घर या योजनेत मुळात बसतं का, हे त्याआधी बघावं लागतं. वय किमान 60 हवं. नवरा-बायको दोघं मिळून घेत असतील, तर एकाचं 60 आणि जोडीदाराचं 55 चालतं. जोडीदाराला सहकर्जदार करून घेणं अत्यंत गरजेचं, कारण मग दोघांपैकी एक गेला तरी दुसरा असेपर्यंत कर्जाची वसुली होत नाही. घर स्वकष्टार्जित, राहतं आणि निर्वेध मालकीचं हवं. वडिलोपार्जित वाडा, भावकीत वाटणी न झालेलं घर, पागडीची खोली इथेच बाद होतात. इमारतीचं उरलेलं आयुष्यही किमान 20 वर्षं असावं लागतं. पुण्या-मुंबईतल्या 40-45 वर्षांच्या, रिडेव्हलपमेंटची वाट बघणाऱ्या सोसायट्यांना ही अट जड जाते. कर्ज चालू असताना रिडेव्हलपमेंट आलीच, तर घर सोडून दोन-तीन वर्षं भाड्याने राहण्याचा प्रश्न येतो. तेव्हा सोसायटीच्या करारावर सही करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्यायला हवी.

कारण घर सलग वर्षभर बंद राहिलं, तर बँक कर्ज मुदतीआधी मागू शकते. मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलेल्या आणि तिथेच रमलेल्या आईला हे कलम भोवू शकतं. मालमत्ता कर थकवला, घराचा विमा उतरवला नाही, एखादी खोली भाड्याने दिली, घर कोणाच्या नावे बक्षीस केलं, तरीही तेच. म्हणजे 11,581मधून कर, विमा आणि मेंटेनन्स बाजूला काढल्यावर उरेल तो बाईंचा खरा आधार.

आयकराची बाजू सोपी आहे. हे पैसे कर्जाचे, उत्पन्नाचे नाहीत, त्यामुळे हप्त्यावर कर नाही. घर गहाण टाकणं म्हणजे हस्तांतर नव्हे, हेही 2008 साली कायद्यात स्पष्ट केलं गेलं. भांडवली नफ्याचा प्रश्न घर विकलं जाईल तेव्हाच येतो.

अर्ज केल्यावर बँकेचा वकील मालकीच्या कागदांचा शोध घेतो, मूल्यांकन करणारा येऊन घर मोजतो, सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं आणि नोंदणीकृत मृत्युपत्रही मागितलं जातं. या टप्प्यावर बाईंनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: व्याजदर स्थिर की बदलता, मुदत संपल्यावरचा व्याजाचा हिशेब, प्रक्रिया आणि मूल्यांकनाचे खर्च, आणि पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी कर्ज किती असेल त्याचा तक्ता. घराचं मूल्यांकन किमान पाच वर्षांनी एकदा नव्याने व्हायचं असतं. किंमत वाढली असेल तर हप्ता वाढवून मागता येतो, तीही तारीख लिहून ठेवावी.

तो तक्ता मुलांनाही दाखवावा. 11,581 रुपये महिना म्हणजे मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले, तर प्रत्येकी 5,790च्या आसपास. दोघांना ते जमणारं असेल, तर 27 लाखांचं व्याज वाचतं. जमणारं नसेल, किंवा बाईंना मुलांपुढे हात पसरायचा नसेल, तर कर्ज आहेच. सह्या झाल्यानंतरही तीन कामकाजी दिवसांत हा व्यवहार रद्द करता येतो, आणि पुढे कधीही पैसे आले तर दंड न भरता कर्ज फेडून गहाण सोडवता येतं.