तिसऱ्या दिवसाची नाडी

रेसिडेन्सीच्या काळात आम्हाला भीती वाटायची ती सुईची. बेंबीतून आत जाणारी ती व्हेरेस नीडल. हंगेरीच्या यानोश व्हेरेस यांनी १९३०च्या दशकात ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती. पुढे ती पोटाच्या डॉक्टरांकडे आली आणि कायमची राहिली. आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट कांडी असते. पोटाचा पडदा ओलांडला की ती टक्कन पुढे येते. हाताला दोन झटके जाणवतात. ते मोजत श्वास रोखून उभ्या राहणाऱ्या पिढीतली मी.

नव्वदच्या सुरुवातीला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे आमच्यासाठी कुटुंबनियोजनाचं शिबिर. एका टेबलावरून बाई उतरेपर्यंत दुसऱ्या टेबलावरची तयार असायची. १९९० मध्ये मुंबईत जे.जे.ला डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, अमेरिकेत हॅरी राइश यांनी त्याआधी दोन वर्षं दुर्बिणीच्या मदतीने गर्भपिशवी काढली होती. या बातम्या आमच्यापर्यंत आल्या तेव्हा वाटलं, मोठ्या शहरातल्या गोष्टी आहेत. दहा वर्षांत जिल्ह्याच्या गावी मीही पिशव्या काढायला लागले.

तीस वर्षांच्या वह्या आता चाळताना दिसतं की माझी भीती चुकीच्या जागी होती. निदान अर्धी तरी. सुई रक्तवाहिनीत गेली तर ते भयंकर असतं, पण लपत नाही. रक्त दिसतं, ब्लडप्रेशर पडतं, भूलतज्ज्ञ ओरडतो, पोट उघडलं जातं. मला रात्री जागवलं ते न दिसलेल्या भोकांनी.

त्यातली एक केस सविस्तर सांगते. २००३ सालची. बाई बेचाळीस वर्षांच्या. तरुणपणी नळीतला गर्भ फुटला म्हणून बेंबीखालून उभा छेद घेऊन पोट उघडलेलं. आता डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट. उभा व्रण समोर दिसत असूनही मी नेहमीप्रमाणे बेंबीतूनच गेले. सुईचे दोन झटके नीट लागले, गॅस सुरू केल्यावर मशीनवरचा दाब कमी दिसला, म्हणजे सुई बरोबर जागी, असं शिकवलेलं. दहा मिलिमीटरचा ट्रोकार घातला, दुर्बीण आत सारली, ओटीपोट स्वच्छ दिसलं. सिस्ट काढली. तासाभराचं काम. शेवटी दुर्बीण आधी बाहेर काढली आणि नळी नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, पुन्हा त्यावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी १०४. ताप नाही. पोट किंचित फुगलेलं, गॅसमुळे असेल म्हटलं. दुपारी दोन पातळ जुलाब झाले तेव्हा तर मी खूश झाले, आतडी चालू झाली म्हणून. संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, यांना बेंबीपाशीच जास्त दुखतंय. बाजूच्या दोन भोकांचं काहीच म्हणत नाहीत. आणि कालच्यापेक्षा आज जास्त इंजेक्शन मागताहेत." मी वेदनाशामक वाढवून दिलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३,१००. वाढलेल्या नाहीत, म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असा अर्थ मी लावला.

तिसऱ्या दिवशी रात्री नाडी १२८, श्वास भरभर, दिवसभरात लघवी जेमतेम ३०० मिली. त्यांचे यजमान दारात उभे राहून विचारत होते, "मॅडम, तीन भोकांचं तर ऑपरेशन, मग इतका त्रास कशाचा?" सर्जनना बोलावलं. पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा एक वेढा जुन्या व्रणामुळे बेंबीच्या आतल्या बाजूला चिकटलेला होता, आणि त्याला समोरासमोर दोन भोकं होती. माझा ट्रोकार एका भिंतीतून शिरून दुसरीतून बाहेर पडला होता. दुर्बिणीचं टोक त्या वेढ्याच्या पलीकडे होतं, म्हणून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दुर्बीण आत ठेवून नळी हळूहळू ओढली असती, तर बाहेर येताना आतड्याचं गुलाबी मखमली अस्तर डोळ्यांसमोरून सरकलं असतं, आणि त्याच मिनिटाला दुरुस्ती झाली असती. आता तेवढा भाग कापून जोडावा लागला. एकोणीस दिवस त्या रुग्णालयात होत्या, त्यातले सहा आयसीयूत. वाचल्या.

या केसने मला जे शिकवलं ते पुस्तकांतही सापडलं, पण नंतर. आतडं फुटलं की ताप, लाकडासारखं कडक पोट, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, ही उघड्या पोटाच्या जमान्याची लक्षणं. दुर्बिणीनंतर चित्र वेगळं असतं. ज्या भोकाच्या सर्वांत जवळ इजा असते तिथे दुखणं ठाण मांडून बसतं, पोट फुगतं, जुलाब होतात, आणि पांढऱ्या पेशी कमीही होतात. १९९९ मध्ये बिशॉफ आणि सहकाऱ्यांनी नेमकी ही चौकडी मांडली होती. माझ्या पेशंटच्या केसपेपरवर चारही होती, एकेका ओळीत, माझ्याच अक्षरात.

एक्स-रेचाही फार आधार घेऊ नये. पडद्याखाली हवा दिसली तरी ऑपरेशनचाच गॅस म्हणता येतं. मात्र कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो. दिवसागणिक हवा कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, किंवा सीटी स्कॅनमध्ये पाणीही साठलेलं असेल, तर शंका घ्यायची. आणि स्कॅन चांगला आला पण बाई चांगली नसेल, तर बाईवर विश्वास ठेवायचा.

स्त्रीरोगाच्या दुर्बीण शस्त्रक्रियांत आतड्याला इजा साधारण हजारात एखादीला होते. आकडा लहान आहे. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त इजा काम सुरू व्हायच्या आधी, आत शिरतानाच होतात, आणि पुष्कळशा टेबलावर कळत नाहीत. म्हणून २००३ नंतर माझ्या सवयी बदलल्या. उभा जुना व्रण असेल तर बेंबीत आधी जायचंच नाही. अशा बायकांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये बेंबीखाली काही ना काही चिकटलेलं असतं. राउल पामर या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाचा बिंदू आहे, डाव्या बरगड्यांच्या कडेखाली तीन सेंटीमीटर, हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. तिथे सहसा काही चिकटत नाही. जठर रिकामं करायला आधी राइल्स ट्यूब घालायची, आणि प्लीहा वाढलेली असेल तर ही वाट सोडायची. तिथून पाच मिलिमीटरची दुर्बीण घालून बेंबीची आतली बाजू बघायची, मगच मोठा ट्रोकार. तोही पोटातला दाब २० ते २५ मिलिमीटरवर नेऊन, म्हणजे पोटाची भिंत आतड्यांपासून आणि महाधमनीपासून लांब उचलली जाते. नंतर दाब १५च्या खाली आणायचा. टेबल तोपर्यंत सपाट. सुई आत गेल्यावर ती हलवून बघायची जुनी खोडही सोडली. सुईचं टाचणीएवढं भोक हलवण्याने सेंटीमीटरभर फाटू शकतं.

हॅसन यांची उघडी पद्धत, आधी छोटा छेद घेऊन डोळ्यांनी बघत आत जाण्याची, जास्त सुरक्षित आहे का, यावर परिषदांमध्ये हमरीतुमरी पाहिली आहे. मोठ्या इजा टाळण्यात कुठलीच एक पद्धत निर्विवाद सरस ठरलेली नाही. आतडं भिंतीला चिकटलेलंच असेल तर उघड्या पद्धतीतही कापलं जातं, फक्त ते लगेच दिसतं. माझ्या मते तो फायदा लहान नाही.

लघवीच्या पिशवीबद्दल फार लिहायचं कारण नाही, ती बिचारी प्रामाणिक असते. सिझेरियन झालेल्या बायकांत ती गर्भपिशवीला चिकटते आणि सोडवताना फाटते, पण लगेच सांगते. युरोबॅगमध्ये रक्त येतं, कधी पोटातला गॅस भोकातून शिरून बॅग फुग्यासारखी फुगते. आमच्या ओटीतला मामा एकदा "मॅडम, बॅगेत हवा भरतेय" म्हणाला आणि त्याने त्या दिवशी माझी लाज राखली. शंका असेल तर कॅथेटरमधून निळं पाणी भरायचं. भोक वरच्या घुमटावर असेल तर दोन थरांत शिवून आठ-दहा दिवस कॅथेटर ठेवला की काम झालं. खाली, मूत्रवाहिन्यांच्या तोंडांजवळ असेल तर मात्र युरॉलॉजिस्टला हाक मारायची.

मूत्रवाहिनी वेगळ्या स्वभावाची. गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून दीड-दोन सेंटीमीटरवर ती जाते. २०११ मध्ये एका मोठ्या फायब्रॉइडच्या केसमध्ये डावी धमनी सुटली आणि मी बायपोलरने दोन-तीनदा शेक दिला. शेवटी सिस्टोस्कोपी केली. दोन्ही तोंडांतून लघवीच्या पिचकाऱ्या छान येत होत्या. समाधानाने घरी गेले. अकराव्या दिवशी फोन आला, "मॅडम, खालून पाणी जातंय. पॅड भिजतोय, पण लघवीपण होतेय."

भाजलेली नळी त्या दिवशी अखंडच असते, म्हणून पिचकारी दिसते. तिचा भाजलेला भाग पुढच्या आठ-पंधरा दिवसांत मरून गळतो. तेव्हा सिस्टोस्कोपी कापलेली किंवा बांधली गेलेली नळी पकडते, भाजलेली सोडून देते. त्या बाईंना बोलावून योनीत एकावर एक तीन बोळे ठेवले, कॅथेटरमधून निळं पाणी भरलं आणि चालायला लावलं. पिशवीला भोक असतं तर बोळा निळा झाला असता. सर्वांत वरचा बोळा चिंब ओला होता आणि पांढरा. म्हणजे पाणी वरून, मूत्रवाहिनीतून. सीटी युरोग्राफीने तेच दाखवलं. स्टेंट वर सरकेना, म्हणून नळी पिशवीत नव्याने रोवावी लागली. मूत्रपिंड वाचलं.

कधी गळती योनीतून न होता पोटातच साठते. तेव्हा बाई फुगते, मळमळते, आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. मूत्रपिंड बिघडलेलं नसतं, सांडलेली लघवी पोटातून परत रक्तात शोषली जात असते. ते पाणी सुईने काढून त्यातलं क्रिएटिनिन रक्तातल्याशी ताडून बघायचं. कितीतरी पट जास्त निघालं की ती लघवीच.

आता माझ्याकडे डिस्चार्ज कार्डाच्या मागे मराठीत चार ओळी छापलेल्या असतात. खांद्याचं दुखणं गॅसचं असतं, एक-दोन दिवसांत जातं, हे पहिल्या ओळीत. बाकी तीन अशा: दुखणं आज कालच्यापेक्षा वाढलं, पोट फुगत चाललं किंवा उलटी थांबेना, खालून पाण्यासारखं जाऊ लागलं, तर रात्री कितीही वाजता फोन करा. तुमच्या घरात कुणाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असेल आणि कार्डावर असं काही नसेल, तर डॉक्टरांकडून पेनाने लिहून घ्या, नंबरासकट.