दर दोन मिनिटांनी एक चमचा

दहा महिन्यांचं बाळ, जुलाब आणि उलट्या. नर्सिंगच्या पेपरात असा रुग्ण दोन-तीन ओळींत मांडलेला असतो आणि खाली प्रश्न असतो : या बाळाचा केअर प्लॅन लिहा. गुण पाच. विद्यार्थिनी पट्टीने रकाने आखते, वर मथळे लिहिते आणि निदानाच्या रकान्यात लिहून टाकते : ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’. उत्तराची गाडी इथेच रुळावरून घसरते. तो आजार आहे, त्याचं निदान डॉक्टरांनी केव्हाच केलंय. या रकान्यात नर्सचं निदान हवं असतं.

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात : असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. म्हणजे पाहणी, निदान, आखणी, कृती आणि पडताळणी. यातली निदानाची पायरी स्वतंत्रपणे नंतर आली. आयडा जीन ऑर्लँडो यांनी 1961 साली नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या देवाणघेवाणीवर पुस्तक लिहिलं, तिथून या विचाराला आकार येऊ लागला. 1967 साली हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी प्रोसेस मांडली ती चारच पायऱ्यांची. 1973 साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या मानकांत निदानाला वेगळं स्थान दिलं. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये नर्सिंग निदानांची यादी करण्यासाठी पहिली परिषद भरली. रुग्णाच्या शरीरावर आणि जगण्यावर आजाराचा जो परिणाम होतो आणि ज्यावर नर्स स्वतः काही करू शकते, त्याला नाव देणं हे नर्सचं काम, हे तेव्हापासून रुजत गेलं.

आता पुन्हा त्या बाळाकडे. पाहणीच्या रकान्याचे दोन भाग होतात. आई सांगते तो एक : सकाळपासून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी, दोनदा उलटी, लघवी झालेलीच नाही. नर्स स्वतः बघते, मोजते तो दुसरा : बाळ किरकिरं आहे, डोळे खोल गेलेत, टाळू खाली बसलीय, ओठ सुकलेत, पाण्याचा चमचा दिसला की झडप घालतं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, हळूहळू जागेवर येते. आठवड्यापूर्वी कार्डावर वजन होतं 8 किलो 500 ग्रॅम, आज भरलं 8 किलो. अर्धा किलो, म्हणजे जवळजवळ सहा टक्के वजन गेलं. एवढ्या थोड्या दिवसांत गेलेलं हे वजन बहुतेक पाण्याचंच असतं. ‘बाळ अशक्त वाटतं’ असं लिहिणाऱ्या मुलीने पाहिलेलं असतं, पण मोजलेलं नसतं. मग पुढे पडताळून बघायला तिच्या हातात काहीच उरत नाही.

या नोंदींवरूनच निदानाचं वाक्य तयार होतं. त्याचे तीन तुकडे असतात : समस्या, तिचं कारण आणि तिची खूण. ‘शरीरातील पाणी कमी होणे, वारंवार पातळ जुलाब व उलट्या यांमुळे, खोल गेलेले डोळे, कातडी हळू पूर्ववत होणे व सहा टक्के वजनघट यांवरून दिसते.’ खुणेच्या जागी असेसमेंटमध्ये नसलेली एकही गोष्ट येता कामा नये. याच बाळाला वरचेवर शी होत असल्याने ढुंगणाची कातडी सोलवटण्याचा धोका आहे, हे दुसरं निदान लिहिता येईल. पण कातडी अजून शाबूत आहे. त्यामुळे त्या वाक्यात धोका आणि त्याचं कारण एवढंच येईल, खूण येणार नाही. क्रमही महत्त्वाचा : पाण्याचं आधी, कातडीचं नंतर. पाच गुणांच्या उत्तरात पाच निदानं कोंबण्यापेक्षा एक पूर्ण निभावलेलं आणि एक थोडक्यात दिलेलं केव्हाही बरं.

उद्दिष्टाच्या रकान्यात बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘बाळाला ओआरएस देणे’ असं सापडतं. ते तर नर्सचं काम झालं. उद्दिष्ट बाळाबद्दल असतं आणि त्याला वेळेची हद्द असते : चार तासांत कातडी सोडताच सपाट होईल, जीभ ओली दिसेल, निदान एकदा लघवी होईल. ‘जुलाब थांबतील’ असं इथे लिहू नये. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी आणि क्षार भरून निघतात. चार तासांत न होणारी गोष्ट कबूल करून बसलं तर पडताळणीत हार ठरलेली.

कृतीच्या रकान्यात आकडे हवेत. काही प्रमाणात पाणी कमी झालेल्या बाळाला किलोमागे 75 मिलि ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. 8 किलोला झाले 600 मिलि, तासाला 150. पाच मिलिचा चमचा दर दोन मिनिटांनी दिला की तासाला बरोबर तीस चमचे, म्हणजे 150 मिलि होतात. हा हिशेब आईला समजेल अशा भाषेत सांगणं हीसुद्धा नर्सची कृती, आणि तीही लिहायची. बाळ ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. लंगोट वापरण्याआधी आणि नंतर वजन करायचा, एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलि. झिंकची गोळी मात्र डॉक्टरांच्या आदेशाने, तेव्हा तसं नमूद करायचं.

प्रत्येक कृतीसमोर तिचं कारण एका ओळीत यायला हवं. ओआरएसचं कारण ‘पाणी मिळते’ एवढ्यावर सोडलं तर ते अर्धवट राहतं. आतडं ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही आतड्याचं हे काम बंद पडत नाही, म्हणून पाजलेलं ओआरएस अंगी लागतं. ही ओळ ज्या उत्तरात असते, तिथे लिहिणारीला विषय कळलाय हे तपासणाऱ्याला दिसतं.

इम्प्लिमेंटेशन भूतकाळात आणि वेळेसह लिहायचं, कारण ते झालेल्या कामाचं टिपण असतं : 10 ते 2 या वेळात 580 मिलि ओआरएस दिले, एकदा उलटी झाली, दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले, आईने तीन वेळा अंगावर पाजले. याच काळात बाळ सुस्तावलं, पिईनासं झालं किंवा कातडी सपाट व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर चमच्यावर थांबायचं नसतं. डॉक्टरांना लगेच कळवायचं, कारण आता शिरेतून सलाईन लागणार. उलट पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवायचं.

पडताळणीच्या रकान्यात ‘बाळ बरे झाले’ लिहिणं सोपं असतं, पण गुण मिळतात ते उद्दिष्टातले शब्द एकेक करून परत तपासल्यावर. दुपारी 2 वाजता : कातडी सोडताच सपाट, जीभ ओली, 1 वाजून 20 मिनिटांनी लघवी, वजन 8 किलो 300 ग्रॅम. उद्दिष्ट साध्य. पातळ शी अजून चालू. त्याखाली बदललेल्या आखणीची ओळ येते : यापुढे प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलि ओआरएस, अंगावरचं दूध चालू, कातडीची पाहणी दर वेळी लंगोट बदलताना.